पगार कमी झाला की ग्रॅच्युइटीही घटते

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात १२ वर्षं जॉबर असलेल्या माणसाला पॅकिंगला टाकलं आणि मूळ पगार अधिक महागाई भत्ता २०,००० वरून १५,००० केला, असं धरा. सगळे महिन्याचे ५,००० मोजत बसतात. पण ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते: पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. म्हणजे जुन्या १२ वर्षांचीच रक्कम १,३८,४६१ वरून १,०३,८४६ वर येते.

कामगार असाल तर पगार घटवण्याआधी मालकाने २१ दिवसांची लेखी नोटीस द्यायला हवी. मॅनेजरला हे लागू नाही, त्याने नेमणूकपत्र काढून वाचावं.

"इथं सही कर की रे" म्हणत कागद पुढे आला, तर सहीशेजारी लिहा: "फक्त पोच. बदल मान्य नाही." तारीख टाका, फोटो काढा. पगार घ्या, पण हरकतीचं पत्र त्याच आठवड्यात द्या. सहा महिने गप्प राहिलात तर तुमची संमती होती असं म्हणायला ते मोकळे.

बोलणी करताना काम बदलायला तयार व्हा, मूळ पगार आणि महागाई भत्ता सोडू नका. कपात बाकीच्या भत्त्यांत घ्या. तेही जमत नसेल, तर जुन्या वर्षांची ग्रॅच्युइटी जुन्याच पगारावर मिळेल, हे लेटरहेडवर लिहून घ्या. साहेबांच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, साहेबही बदलतात. नोटीसच नसेल तर सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करा, सोबत आधीच्या-नंतरच्या पगारपावत्या जोडा.