प्रोसेस कॉस्टिंगमध्ये ॲबनॉर्मल लॉस आला की मी नेमकी कुठे कुठे गंडले

कॉस्टिंगच्या सराव परीक्षेत माझा रेट बरोब्बर 9 रुपये आला होता आणि मी जाम खूश झाले होते, कारण आपल्याला वाटतं ना की उत्तर पूर्णांकात आलं म्हणजे गणित बरोबर. शेवटी प्रोसेस अकाउंट मांडलं तर क्रेडिट बाजू 9,000 ने कमी. अर्धा तास डोकं आपटलं, फरक सापडला नाही, शेवटी तसंच सोडून दिलं. तो फरक का आला हे नंतर कळलं आणि तेव्हापासून हा टॉपिक जरा डोक्यात बसला, म्हणून तेच गणित इथे उलगडून सांगते. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी आकडे वहीवर उतरवून सोबत करा, नुसतं वाचून काही होत नाही.

गणित असं. प्रोसेसमध्ये 10,000 युनिट्स टाकले. मटेरियलचा खर्च 92,000 रुपये, मजुरी आणि ओव्हरहेड मिळून 43,000. नॉर्मल लॉस इनपुटच्या 10%, स्क्रॅप 2 रुपये युनिटने विकलं जातं. महिन्याच्या शेवटी 7,800 युनिट्स पूर्ण होऊन पुढे गेले, 1,000 युनिट्स अर्धवट राहिले (मटेरियल 100%, मजुरी-ओव्हरहेड 70%). जे युनिट्स खराब झाले ते मटेरियल 100% आणि मजुरी-ओव्हरहेड 50% झालेल्या अवस्थेत बाहेर काढले.

सगळ्यात आधी नुसते युनिट्स जुळवायचे, रुपयांना हात लावायचा नाही. 10,000 आत गेले, 7,800 आणि 1,000 सापडले, म्हणजे 1,200 गेले. त्यातले 1,000 जाणारच होते, तो नॉर्मल लॉस. वरचे 200 जायला नको होते, तो ॲबनॉर्मल लॉस. हे 200 गणितात कुठेही लिहिलेले नसतात, ते आपणच शोधायचे असतात, आणि बरेच जण इथेच सगळे 1,200 एकाच डब्यात टाकून मोकळे होतात.

आता इक्विव्हॅलंट युनिट्स. कल्पना सोपी आहे, 1,000 युनिट्सचं काम 70% झालंय म्हणजे खर्चाच्या दृष्टीने 700 पूर्ण युनिट्सइतकं काम झालं. मटेरियलचं आणि मजुरी-ओव्हरहेडचं असं वेगवेगळं काढायचं कारण मटेरियल बहुतेक वेळा सुरुवातीलाच पडतं आणि मजुरी हळूहळू लागते.

मटेरियल: 7,800 + 200 + 1,000 = 9,000
मजुरी-ओव्हरहेड: 7,800 + 100 + 700 = 8,600

यात नॉर्मल लॉसचे 1,000 कुठेच नाहीत, बघा. मी इथेच गंडले होते. मला वाटलं माल तर त्यांच्यावरही खर्च झालाय, मग मटेरियलच्या कॉलममध्ये त्यांना का वगळायचं, म्हणून मी 10,000 धरले. 90,000 भागिले 10,000 म्हणजे 9 रुपये, एकदम गोंडस रेट (90,000 कसे आले ते खाली येतंच). पण मग त्या 1,000 युनिट्सच्या नावावर 9,000 रुपये जाऊन बसले आणि ते घ्यायला अकाउंटमध्ये कोणीच नाही, कारण प्रोसेस अकाउंटच्या क्रेडिटला नॉर्मल लॉस फक्त स्क्रॅपच्या किमतीने येतो. माझा 9,000 चा फरक हाच. नॉर्मल लॉसला शून्य युनिट्स देण्यामागचा विचार असा की तो माल बनवण्याचाच एक भाग आहे, त्याचा खर्च बाकीच्या युनिट्सनी आपोआप वाटून घ्यायचा. भाजक लहान ठेवला की रेट वाढतो आणि वाटप आपोआप होतं, वेगळं काही करावं लागत नाही.

ॲबनॉर्मल लॉसला मात्र युनिट्स द्यायचे. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, दोन्ही लॉसच आहेत मग एकाला शून्य आणि दुसऱ्याला पूर्ण असं का? कारण ॲबनॉर्मल लॉसचा खर्च चांगल्या युनिट्सवर टाकायचा नाहीये. मशीन बिघडलं, कोणी निष्काळजीपणा केला, खराब माल आला, असली कारणं त्यामागे असतात आणि त्याची शिक्षा चांगल्या युनिटच्या कॉस्टला कशाला? म्हणून त्या 200 ना चांगल्या युनिटसारखीच किंमत लावायची आणि वेगळं काढून कॉस्टिंग पी अँड एल ला पाठवायचं. चुकून त्यांना शून्य दिलं तर भाजक 8,800 होतो आणि मटेरियलचा रेट 10.23 च्या आसपास जातो. आणि गंमत म्हणजे तरीही अकाउंट जुळतं! त्यामुळे अकाउंट टॅली झालं म्हणून निर्धास्त राहू नका, ही चूक टॅलीत दिसतच नाही.

आता रेट. मटेरियलच्या 92,000 मधून नॉर्मल लॉसचं स्क्रॅप वजा करायचं, 1,000 गुणिले 2 म्हणजे 2,000. राहिले 90,000, भागिले 9,000, दहा रुपये. मजुरी-ओव्हरहेड 43,000 भागिले 8,600, पाच रुपये. दुसरी किंवा तिसरी प्रोसेस असेल तर हे स्क्रॅप आधीच्या प्रोसेसकडून आलेल्या मालाच्या किमतीतून वजा करतात, तिथे नव्याने टाकलेल्या मटेरियलमधून नाही.

मग व्हॅल्यू काढायची. पूर्ण झालेले 7,800 गुणिले 15 म्हणजे 1,17,000. अर्धवट माल 1,000 गुणिले 10 आणि 700 गुणिले 5 मिळून 13,500. ॲबनॉर्मल लॉस 200 गुणिले 10 आणि 100 गुणिले 5 मिळून 2,500. यात नॉर्मल लॉसचे 2,000 मिळवा, 1,35,000 झाले. डेबिटला 92,000 आणि 43,000, तेही 1,35,000. जुळलं.

दुसरी चूक माझी नाही, माझ्या मैत्रिणीची, पण ती इतकी कॉमन आहे की सांगतेच. तिने स्क्रॅप सगळ्या 1,200 युनिट्सचं धरलं, म्हणजे 2,400, आणि मटेरियलमधून वजा केलं. म्हणाली, 'अगं विकले तर बाराशेच्या बाराशे ना, मग पैसे पण तेवढेच येणार!' पैसे येणार हे खरंच, पण वरच्या 200 युनिट्सचे 400 रुपये प्रोसेस अकाउंटमध्ये येतच नाहीत, ते ॲबनॉर्मल लॉस अकाउंटच्या क्रेडिटला जातात. तिथे डेबिटला 2,500, क्रेडिटला स्क्रॅपचे 400, आणि उरलेले 2,100 कॉस्टिंग पी अँड एल ला. तिचा मटेरियलचा रेट 9.9556 असा काहीतरी लांबलचक आला, आणि नॉर्मल लॉससमोर बरोबर 2,000 लिहिले असल्यामुळे अकाउंटमध्ये 400 चा फरक पडला. फरक जर ॲबनॉर्मल युनिट्स गुणिले स्क्रॅप रेट इतका येत असेल तर समजायचं की घोळ इथेच आहे. पण तिने नॉर्मल लॉससमोरही 2,400 लिहिले असते तर परत सगळं छान जुळलं असतं आणि उत्तर चुकीचंच राहिलं असतं.

तिसरी गोष्ट टक्केवारीची. घाईत आपण क्लोजिंग डब्ल्यूआयपीचे 70% च ॲबनॉर्मल लॉसलाही लावून टाकतो. ते वेगळं असतं, गणितात 'स्क्रॅप झालेले युनिट्स इतके टक्के पूर्ण' असं स्वतंत्र वाक्य असतं, ते शोधायचं. नसेलच दिलेलं तर 100% धरतात, पण उत्तरात खाली तशी नोट लिहायची, नोट नसली की तपासणाऱ्याला वाटतं याला कळलंच नाही. ॲबनॉर्मल गेन असला तर मात्र हा प्रश्नच येत नाही, तो चांगल्या युनिट्समधूनच निघालेला असतो म्हणून सगळीकडे 100% आणि वजा चिन्हाने.

'10%' हे कशाचे 10% तेही नीट वाचा हं. इनपुटचे म्हटलंय म्हणून वर 1,000 आले. तेच 'प्रक्रिया पूर्ण झालेल्या युनिट्सवर' म्हटलं तर अर्धवट राहिलेले 1,000 आधी काढून टाकायचे, 9,000 चे 10% म्हणजे 900, आणि ॲबनॉर्मल लॉस 200 चा थेट 300 होतो. ओपनिंग स्टॉक असेल तर तो यात मिळवायचा. एका शब्दाने सगळे आकडे बदलतात, आणि मी असा एक अख्खा प्रश्न घालवलाय.

नंतर नोकरीत एका कारखान्याच्या कॉस्टिंग डिपार्टमेंटला लागले तेव्हा पहिल्याच मंथ-एंडला मी शॉप फ्लोअरवर सुपरवायझरना विचारायला गेले की सर, डब्ल्यूआयपी किती टक्के धरायचा. त्यांनी रांगेत उभ्या मालाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, 'लिहा सत्तर.' मी म्हटलं सर, सत्तर कसं काढलं? तर म्हणाले, 'मग नव्वद लिहा, तुम्हाला काय फरक पडतो?' फरक पडतो. वरच्याच गणितात 90% धरा, मजुरी-ओव्हरहेडचे युनिट्स 8,800 होतात, रेट 4.89 वर येतो आणि साधारण 900 रुपये, बहुतेक सगळे पूर्ण झालेल्या मालाच्या कॉस्टमधून, उचलून क्लोजिंग स्टॉकमध्ये जाऊन बसतात. म्हणजे खर्च तेवढाच, पण या महिन्याची कॉस्ट कमी दिसते.

अजून एक गोष्ट पुस्तकी गणितात लपून राहते. नॉर्मल लॉसला शून्य दिल्यावर त्याचा खर्च अर्धवट मालावरही पडतो. आपल्या गणितात ते चालतं, कारण खराब युनिट्स 50% ला पकडले आणि अर्धवट माल 70% ला आहे, म्हणजे तो तपासणीतून पार झालेला आहे. पण तोच माल 40% ला असता तर त्याची तपासणी अजून व्हायचीच होती, मग झालेल्या लॉसचा भार त्याच्यावर का? तिथे नॉर्मल लॉसला आधी युनिट्स देऊन त्याचा खर्च काढतात, त्यातून स्क्रॅप वजा करतात आणि उरलेला खर्च फक्त तपासणी पार केलेल्या युनिट्सवर टाकतात. परीक्षेत तपासणी कुठे होते हे स्पष्ट दिलेलं नसेल तर यात पडू नका, सरळ शून्याची पद्धत लावा. कारखान्यात मात्र सुपरवायझरला टक्केवारी विचारताना तपासणी कुठल्या टप्प्याला होते हेही विचारून घ्या, मी ते चौथ्या महिन्यात विचारलं आणि आधीचे तीन महिने परत काढायला लागले.