मोर्च्यातलं गाणं कुठलं ते कसं शोधायचं

मोर्च्यात किंवा पथनाट्यात ऐकलेलं गाणं शाझम या गाणी ओळखणाऱ्या ॲपला सहसा सापडत नाही, कारण ते रेकॉर्डिंग जुळवतं आणि इथे तर दहाजण डफलीवर जोरात गात असतात. त्यापेक्षा कोरस परत परत म्हणतो ती ओळ पकडा, तेच ध्रुवपद. मधल्या घोषणा सोडून द्या, त्या प्रत्येक मोर्च्यात बदलतात. समजा 'सांगून गेले... भीमराव' एवढंच कानावर पडलं, तर तेवढंच यूट्यूबवर टाका, 'जग बदल घालुनी घाव' मिळेल, अण्णा भाऊ साठेंचं. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, कुणी मला म्हणतं कुणी मज, म्हणून अख्खी ओळ न टाकता दोन-तीन पक्के शब्दच टाका.

ठेक्यावरून फक्त अंदाज येतो. ढोलकीचा लचकदार ठेका असेल तर चाल बहुतेक तमाशा-जलशाच्या घरातली, नुसती डफली आणि टाळ्या असतील तर पथनाट्यवाले असू शकतात, पण जुनं शाहिरी गाणंही ते डफलीवरच म्हणतात त्यामुळे ठेका फसवतो हो. आणि शेवटचं कडवं नीट ऐका, शाहीर बऱ्याचदा तिथे स्वतःचं नाव गुंफतो.