आखाजीला आजोळी गेलेल्या लेकराचं पोट का बिघडतं? रस-सरबताच्या या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकतो. त्यातच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया येते, लेकी माहेरी येतात, आणि दीड-दोन वर्षांच्या नातवंडाला ऊन बाधू नये म्हणून अख्खं घर त्याला काही ना काही पाजायच्या मागे लागतं. हेतू चांगलाच असतो, पण चुका इथेच होतात.

असं एक लेकरू डोळ्यासमोर आणा. वय २० महिने, वजन १० किलो. सकाळी आजी बाटलीभर पाण्यात दोन चमचे ग्लुकोज पावडर कालवून देते. दुपारी मामा दुकानातून आंब्याच्या पेयाचं १५० मिलीचं खोकं आणतो. संध्याकाळी रसवंतीवर मोठ्यांसोबत त्यालाही अर्धा ग्लास उसाचा रस मिळतो. रात्री झोपताना दोन चमचे साखर घातलेलं दूध, तेही बाटलीतून. यातलं काहीच फार वाटत नाही. पण बेरीज करून बघा. ग्लुकोजचे १० ग्रॅम, खोक्यातले जवळपास २०, उसाच्या रसातले १२-१३, दुधातले १०. म्हणजे दिवसाला ५० ग्रॅमच्या वर साखर. चहाचे दहा-बारा चमचे, आणि साधारण २०० कॅलरी. या वयाच्या लेकराला दिवसभरात ८०० ते १००० कॅलरी पुरतात. मग ते वरण-भाताला तोंड फिरवतं, यात नवल कसलं?

चार-पाच दिवसांत त्याला दिवसातून चार-पाच वेळा पातळ शी होऊ लागते. शीत गाजराचा तुकडा, वाटाण्याचं साल जसंच्या तसं दिसतं. ताप नसतो, रक्त नसतं, पोर अंगणात हुंदडत असतं. घरचे म्हणतात, ऊन लागलं किंवा दात येतायत. पुष्कळदा कारण रसाचंच असतं. फळांच्या रसातली, विशेषतः सफरचंद आणि नासपतीतली, फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल लहान आतड्यात पूर्ण शोषली जात नाहीत. ती मोठ्या आतड्यात जाऊन पाणी ओढतात आणि शी पातळ होते. खरं कारण तेच आहे का हे ताडायला सोपा उपाय आहे: सगळी गोड पेयं आठवडाभर बंद करा, बाकी जेवण नेहमीसारखं ठेवा, तूपही कमी करू नका. शी घट्ट होऊ लागली तर दोष रसाचा होता. नाही झाली, वजन घटलं, किंवा शीत रक्त दिसलं, तर डॉक्टरांकडे जा.

जुलाबावर रस पाजणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. "पोरले तान लागनी व्हई" म्हणत पोट बिघडलेल्या लेकराला ताकद यावी म्हणून रस, थंडपेय, ग्लुकोजचं पाणी पाजलं जातं. ताकद तर येत नाहीच, उलट आतड्यात साचलेली साखर शरीरातलंच पाणी खेचून घेते आणि जुलाब वाढतात. शिवाय जुलाबातून जे मीठ जातं, ते ग्लुकोजच्या पावडरीत पुरेसं नसतं.

ओआरएसचा हिशोब वेगळा आहे. एक लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि ठरावीक प्रमाणात क्षार. तेवढ्याच साखरेसोबत सोडियम आतड्यातून आत जातं आणि पाठोपाठ पाणी. साखर त्याहून वाढली की गणित उलटतं. म्हणून खोकं घेताना मागचं लेबल वाचा. १०० मिलीत साखर १.३ ग्रॅमच्या आसपास असली तर ते ओआरएससारखं. दहा ग्रॅमच्या आसपास असली तर पुढे नाव काहीही असो, ते सरबत आहे. अशा गोड पेयांच्या नावात "ओआरएस" लिहायला अन्नसुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेने २०२५ मध्ये मनाई केली, ते उगाच नाही.

पुडी वापरतानाही घोटाळा होतो. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच, एकदम पूर्ण विरघळवायची. थोडी पेल्यात, थोडी उद्याला, असं केलं की पाणी खारट होतं, आणि ते छोट्या लेकराला धोक्याचं आहे. २०० मिलीची छोटी पुडीही मिळते, ती सोयीची. कालवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. सोबत अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालूच. झिंकच्या गोळ्यांसाठी आशाताईंना विचारा.

लेकराने सहा-आठ तास लघवी केली नाही, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, ते मलूल पडलं किंवा पाणीच घेईना, तर घरी थांबू नका.

"घरचा रस आहे, साखर घातली नाही"

फळ घरचं असलं तरी गाळून काढलेल्या रसात चोथा जातो, साखर राहते. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या २०१९ च्या शिफारशीनुसार दोन वर्षांखाली रस नकोच. दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त १२५ मिली, म्हणजे छोटा अर्धा ग्लास, तोही रोज दिलाच पाहिजे असं नाही. आमरसाला मात्र मी एवढं झिडकारणार नाही. बिनसाखरेचा, न गाळलेला, वाटीत काढून चमच्याने तीन-चार घास खाऊ घातला, तर तो जेवणाचा भाग होतो. तोच बाटलीत ओतून पाजला, की बिघडला. रसवंतीवरच्या रसात साखरेखेरीज बर्फही असतो, आणि तो कुठल्या पाण्याचा हे कुणालाच ठाऊक नसतं.

रस पातळ करून दिवसभर बाटलीतून चोखायला देण्याची पद्धतही दातांना मारक आहे. एकदाच प्यायलेल्या रसापेक्षा तासातासाला चोखलेली पातळ साखर दात जास्त किडवते, रात्रीची बाटली तर फारच.

मग पाजायचं काय?

१० किलोच्या लेकराला दिवसाला सगळं मिळून एक लिटरच्या आसपास द्रव लागतं, कडक उन्हात थोडं जास्त. त्यातलं ४००-५०० मिली दूधच असतं, थोडं जेवणातून येतं. उरलेलं माठातलं पाणी, उकळून गार करून ठेवलेलं. पूर्ण ग्लास पुढे करू नका, ते दोन घोट घेऊन पळेल. छोट्या फुलपात्रात ४०-५० मिली घ्या आणि तासा-दीड तासाने द्या, खेळून आल्यावर, उठल्यावर. आपणही त्याच्यासमोर प्या.

बिया काढलेलं टरबूज बारीक तुकड्यांत द्या, त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. एक वर्षानंतर ताज्या दह्याचं पातळ, अळणी ताक दुपारी चालतं. कैरीचं पन्हं नेहमीसारखं गोड केलं, तर तेही सरबतच. सहा महिन्यांखालच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, दूधच जास्त वेळा पाजा.

पाणी पुरतंय की नाही हे ओळखायला लघवी बघा. फिकट पिवळी आणि दिवसातून पाच-सहा वेळा असली, तर ठीक चाललंय. गडद आणि कमी असली, तर पाजायच्या वेळा वाढवा. गोडाची सवय लागलेलं लेकरू दोन-तीन दिवस साधं पाणी थुंकून टाकेल, रसासाठी हात-पाय आपटेल. त्या दिवसांत मामाला खोकं आणायला आधीच मनाई करून ठेवा.