गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्युसेट दिले असेल तर काय करावे

अमेरिकेत किंवा कॅनडात शस्त्रक्रिया होऊन घरी परतणाऱ्या रुग्णाच्या औषधांच्या पिशवीत वेदनाशामक गोळ्यांसोबत डॉक्युसेटच्या १०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल बहुधा असतात. मुलांकडे गेलेल्या आपल्याकडच्या आई-वडिलांवर तिथे शस्त्रक्रिया झाली, तर हेच औषध त्यांच्याही हाती येते. दिवसातून दोनदा घ्यायचे आणि पोट साफ राहील, असे सांगितले जाते. मात्र ते तसे राहीलच, अशी खात्री बाळगू नये.

प्रथम हे औषध काय करते ते समजून घ्यावे. तेलकट ताटावर साबण लावला की पाणी तेलात मिसळू लागते. डॉक्युसेटही त्याच जातीचा पदार्थ असून, त्याने मलात पाणी व स्निग्धांश शिरून तो मऊ व्हावा, अशी अपेक्षा असते. कल्पना पटण्यासारखी आहे, आणि म्हणूनच १९५० च्या दशकापासून ते टिकून राहिले. मात्र प्रत्यक्ष मोजणी केल्यावर परिणाम फारसा दिसला नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या बद्धकोष्ठतेच्या १७० रुग्णांमध्ये इसबगोल आणि डॉक्युसेट यांची दोन आठवडे तुलना झाली. इसबगोलाने मलातील पाण्याचे प्रमाण २.३३ टक्क्यांनी वाढले, तर डॉक्युसेटने अवघे ०.०१ टक्का. २०१३ मध्ये कॅनडातील आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील ७४ रुग्णांना सोनामुखीची गोळी दिली गेली. त्यांपैकी काहींना जोडीला डॉक्युसेट, तर काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल मिळाली. दहा दिवसांत दोन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. बरेच डॉक्टर या औषधाबद्दल साशंक आहेत ते यामुळे.

दुसरी पायरी म्हणजे बद्धकोष्ठतेचे कारण ओळखणे. समजा, अडुसष्ट वर्षांच्या आईंची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि त्या ऑक्सिकोडोनसारखी अफूवर्गीय वेदनाशामक गोळी घेत आहेत. या गोळीमुळे आतड्याची हालचाल मंदावते, मल मोठ्या आतड्यात जास्त वेळ पडून राहतो, आतडे त्यातील पाणी शोषत जाते आणि शेवटी सुके, टणक खडे उरतात. इथे मूळ अडचण हालचालीची आहे. नुसते मऊ करणारे औषध तिला हात लावत नाही.

म्हणून तिसरी पायरी: गोळी सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे की, डॉक्युसेटऐवजी किंवा त्याच्या जोडीने आतड्याला चालना देणारे औषध द्यायचे का. सामान्यतः सोनामुखीच्या ८.६ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रात्री झोपताना देतात, आणि त्यांचा परिणाम सहा ते बारा तासांत, म्हणजे सकाळपर्यंत दिसतो. दुसरा पर्याय पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या पुडीचा: १७ ग्रॅम पावडर पेलाभर पाण्यात विरघळवून दिवसातून एकदा घ्यायची, तिला एक ते तीन दिवस लागतात. पोटात कळ येऊ लागली, तर सोनामुखीचे प्रमाण कमी करण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. अफूवर्गीय गोळ्या चालू असताना आणि पाणी कमी पिले जात असताना इसबगोल मात्र टाळावा, कारण मंदावलेल्या आतड्यात तो फुगून अडकू शकतो. वरील अभ्यासात तो सरस ठरला, तो वेगळ्या रुग्णांमध्ये.

रोज एका वहीत शौचाची वेळ आणि मलाचे रूप लिहून ठेवावे: खडे, भेगाळलेला लांबट, की मऊ. आईंच्या वहीत दुसऱ्या दिवशीही काही नोंद नसेल, तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहत डॉक्युसेटच्या कॅप्सूल वाढवत बसण्यापेक्षा फोन करावा. पोट फुगले, उलट्या झाल्या, वायूही सरत नाही किंवा मलातून रक्त गेले, तर कोणतेही रेचक न देता लगेच रुग्णालय गाठावे.

मग हे औषध अजून लिहून का दिले जाते? मूळव्याधीची किंवा गुदमार्गाची शस्त्रक्रिया, बाळंतपण, हृदयविकाराचा झटका अशा प्रसंगांनंतर कुंथणे टाळायचे असते. बद्धकोष्ठता अजून झालेली नसते आणि डॉक्टरांना सौम्य काहीतरी द्यायचे असते. तिथेही पुरावा तोकडाच आहे, पण सामान्यतः अपाय फारसा होत नाही, आणि ज्यांना त्याने बरे वाटते त्यांचे औषध मुद्दाम बंद करण्याची गरज मला वाटत नाही. कानातला मळ मऊ करण्यासाठी त्याच पदार्थाचे थेंबही वापरले जातात.

एक खबरदारी मात्र पाळावी. भारतातून जाताना अनेक जण लिक्विड पॅराफिन असलेले पातळ रेचक सोबत नेतात. डॉक्युसेट चालू असताना ते घेऊ नये, कारण डॉक्युसेटमुळे पॅराफिन शरीरात अधिक शोषले जाते. आईंच्या बॅगेतली ती बाटली औषध सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना दाखवावी.