लिव्ह अँड लायसन्स की भाडेपट्टा: सही करण्यापूर्वी पाहा

महाराष्ट्रात राहण्यासाठी घर घेताना हाती येणारा ११ महिन्यांचा करार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा असतो. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू असलेल्या जागेत, भाडेकरू भाडे देत व अटी पाळत असेल, तर कायद्यात दिलेल्या ठराविक कारणांखेरीज न्यायालय त्याला बाहेर काढू शकत नाही. लायसन्सने मात्र केवळ वापराची परवानगी मिळते.

मुदत संपल्यावर हा फरक बोचतो. कलम २४ नुसार घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करू शकतो आणि ताबा न देणाऱ्याला कराराच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. मासिक शुल्क २०,००० रुपये असेल आणि परवानाधारक तीन महिने जास्त राहिला, तर ही रक्कम १,२०,००० रुपये होते. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही, तर घरमालकाचे म्हणणे मान्य केल्याचे धरले जाते. नेमकी हीच मुदत अनेकांकडून हुकते.

‘किल्ली माझ्याकडे आहे, म्हणजे मी भाडेकरूच’ हा युक्तिवाद इथे सहसा टिकत नाही, कारण या कार्यवाहीत लेखी लायसन्स करार त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून शीर्षकाबरोबर मुदत आणि मुदतीपूर्वी करार संपवण्याचे कलम नीट वाचावे. करार नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने घरमालकावर टाकली आहे. त्याने तो नोंदवला नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.