वॉर्डातल्या एका रुग्णदिवसाचा खर्च कसा काढावा

उदाहरणाला तालुक्याच्या गावातला बारा खाटांचा जनरल वॉर्ड घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, तिथे आपले घाला.

आधी रुग्णदिवस मोजा. रोज रात्री बारा वाजता वॉर्डात किती रुग्ण आहेत ते नर्सच्या रजिस्टरमध्ये लिहायचे आणि महिन्याची बेरीज करायची. दाखल झाल्याचा दिवस धरायचा, डिस्चार्जचा नाही. त्याच दिवशी घरी गेलेल्याचा मात्र एक दिवस धरायचा. दोन्ही टोके धरली तर रुग्णदिवस फुगतात आणि खर्च खोटाच कमी दिसतो. १२ × ३० = ३६० खाटदिवसांनी भागले तरी तेच होते, कारण रिकामी खाट बिल भरत नाही.

मग खर्च वेगळा करा. रुग्ण असो वा नसो, महिन्याला लागणारा तो स्थिर: भाडे ३५,०००, नर्सचे पगार ९०,०००, वॉर्डबॉय व मावशी ४४,०००, विमा, देखभाल करार आणि खाटांवर आकारला जाणारा जैववैद्यकीय कचऱ्याचा खर्च १८,०००. एकूण १,८७,०००. रुग्णामागे बदलणारा खर्च दिवसाला जेवण १७०, धुलाई ४०, हातमोजे-कापूस वगैरे ९०. रुग्णाच्या नावे वेगळी बिल होणारी औषधे यात घालू नका.

वीजबिल अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे. ते असे फोडा: १८० रुग्णदिवसांच्या महिन्यात बिल १४,६००, ३०० च्या महिन्यात १७,०००. फरक २,४०० ÷ १२० = २० रुपये प्रति रुग्णदिवस; उरलेले ११,००० स्थिर. महिने सारख्या हवामानाचे निवडा. मे आणि डिसेंबर घेतलेत, तर कूलरची वीज रुग्णांच्या माथी बसते.

आता स्थिर १,९८,००० आणि बदलता ३२०. वॉर्डात १८० रुग्णदिवस भरले तर एका दिवसाचा खर्च १,१०० + ३२० = १,४२०; ३०० भरले तर ६६० + ३२० = ९८०. म्हणून गेल्या महिन्याचा एकच आकडा धरून दर ठरवू नये. दर १,२२० असेल तर प्रत्येक रुग्णदिवशी ९०० रुपये स्थिर खर्चाकडे जातात, आणि २२० रुग्णदिवसांना, म्हणजे रोज सरासरी सात-साडेसात रुग्णांना, वॉर्ड ना नफा ना तोटा राहतो.

एखादी संस्था ८०० रुपये दराने रुग्ण पाठवते म्हणाली, तर ९८० शी तुलना करून लगेच नकार देऊ नका. खाट एरवी रिकामीच राहणार असेल तर ४८० हाती उरतात. पण दहाच्या वर रुग्ण झाल्यावर ब्युरोची नर्स रात्रीला १,२०० देऊन बोलवावी लागत असेल, तर उरलेल्या दोन खाटा मिळून ९६० च देतात. तिथे रोज २४० चा तोटा आहे, आणि तो मासिक सरासरीत दिसत नाही.