जुलाबात नारळपाणी देताना या चुका टाळा

जुलाब लागले की नारळपाणी आणि ओआरएस यांना एकच समजलं जातं. पहिली चूक इथेच होते. जुलाबातून पाण्याबरोबर सर्वाधिक जातं ते सोडियम, आणि नारळपाण्यात सोडियम फारच थोडं असतं. उलट पोटॅशियम भरपूर. ओआरएसच्या एका लिटरमध्ये सोडियम ७५ मिलिमोल आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल असतं. हे प्रमाण मुद्दाम जुळवलेलं आहे, कारण आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत ओढतात आणि त्यांच्यामागून पाणी शोषलं जातं. नारळपाण्यात साखर आहे, पण जोडीदार सोडियम नाही. चिमूटभर मीठ टाकून हे प्रमाण जमत नाही. ओआरएसची पुडी नारळपाण्यात कालवणं तर आणखी वाईट, कारण द्रावण घट्ट होतं आणि जुलाब वाढू शकतात. पुडी साध्या स्वच्छ पाण्यातच, तिच्यावर लिहिलेल्या मापाने विरघळवा.

एरवी धडधाकट माणसाने जुलाब सौम्य असताना ओआरएससोबत नारळपाणी प्यायलं तर बिघडत नाही. जादाचं पोटॅशियम मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकतं. मूत्रपिंडच अधू असेल तर मात्र गणित उलटतं, आणि मला खरी काळजी त्याच रुग्णांची वाटते.

समजा, साठीतले एक गृहस्थ आहेत. मूत्रपिंडाचा जुना आजार, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू, रक्तातलं पोटॅशियम आधीच थोडं वाढलेलं, ५.१. जुलाब झाले म्हणून घरच्यांनी दिवसभरात चार शहाळी, म्हणजे सुमारे सव्वा लिटर पाणी दिलं. त्यातून साधारण ६० मिलिमोल पोटॅशियम गेलं. तेवढ्याच ओआरएसमधून २५ गेलं असतं. त्यात अंगातलं पाणी कमी झाल्याने लघवी घटली, गोळी पोटॅशियम बाहेर जाऊ देईना, आणि जुलाबातून बायकार्बोनेट गेल्याने रक्तातली आम्लता वाढून पेशींतलं पोटॅशियमही रक्तात उतरलं. संध्याकाळी पाय जड झाले, जिना चढवेना. घरच्यांना वाटलं, जुलाबाचा अशक्तपणा. म्हणून पाचवं शहाळं फोडलं.

ही गफलत जिवावर बेतू शकते, कारण वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं. पुष्कळदा तर आधी काहीच जाणवत नाही. म्हणून अशा रुग्णाला जुलाब लागताच नारळपाणी बंद ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं आणि काहींना दिवसभराच्या पाण्यावर मर्यादा असते, त्यामुळे ते किती द्यायचं हेही त्यांनीच ठरवावं. रक्तदाबाची किंवा पोटॅशियम अडवून ठेवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनची गोळी काही दिवस थांबवायची का, तेही विचारून घ्या. स्वतःहून थांबवू नका.

लघवी जवळजवळ बंद झाली, गुंगी आली, पायांतली ताकद गेली किंवा छातीत धडधडू लागलं, तर थेट रुग्णालय गाठा. तिथे पोहोचताच मूत्रपिंडाचा आजार आणि नारळपाणी, दोन्ही सांगा, म्हणजे ईसीजी आणि पोटॅशियमची तपासणी लगेच होईल.